अंगणातला पर्जन्यमापक अर्जात लिहू का?

*मॅडम, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली, बी.एस्सी. कृषी. यूपीएससीची पूर्व निघाली, आता डॅफ, म्हणजे मुख्य परीक्षेचा सविस्तर अर्ज, भरायचाय. छंदाच्या रकान्यात 'वाचन, योगा, ट्रेकिंग' लिही, असं क्लासमधले म्हणतात. खरं सांगू? मला खूळ एकच. २०१८ पासून आमच्या अंगणात कडुनिंबाजवळ पर्जन्यमापक आहे, पाऊस मोजून मी वहीत लिहिते. पुण्याला गेल्यावर धाकटा भाऊ लिहायचा, मधे काही महिने राहूनच गेले. हे लिहिलं तर हसतील का? बक्षीस एकच, जिल्हास्तरीय निबंध स्पर्धेत दुसरा नंबर. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाच्या सामानाचा हिशोब माझ्याकडे होता. मैत्रीण म्हणते 'एनएसएस लीडर' लिही. वडील शेतकरी, तेल्या आणि खोडकिड्यानं डाळिंबाची बाग गेली, आता बराचसा ऊस आहे. त्यांच्यासाठी 'फलोत्पादक उद्योजक' बरं दिसेल का? आणि पदवीनंतरची दोन वर्षं मी फक्त अभ्यासच केलाय, त्याचं काय करू?*

*– सांगोल्याची एक वाचक*

नाही गं, हसणार नाहीत. यूपीएससीच्या धोलपूर हाऊसमधल्या मंडळींसमोर मुलाखतींच्या हंगामात वाचन, योगा आणि ट्रेकिंग इतक्यांदा येतात की त्यावर विचारायचं काय, हाच त्यांच्यापुढे प्रश्न असेल. तुझ्या पर्जन्यमापकावर मात्र प्रश्न येणार, आणि ते खरे प्रश्न असणार. काळजी करायचीच तर त्यांच्या हसण्याची नको, त्या प्रश्नांची कर.

मुलाखतीला २७५ गुण, एकूण २०२५ पैकी. मुलाखत मंडळाला तुझे मुख्य परीक्षेचे गुण माहीत नसतात. त्यांच्यासमोर असतो तो तू भरलेल्या माहितीचा कागद. आयोगाच्या अधिसूचनेत मुलाखतीचं वर्णन वाचलंस का? बहुतेक मुलं अभ्यासक्रम पाठ करतात आणि तो परिच्छेद सोडून देतात. त्यात म्हटलंय की ही उलटतपासणी नसते. ते स्वाभाविक, पण हेतू ठेवून नेलेलं संभाषण असतं. काय काय जोखायचं त्याची यादीही तिथेच आहे, आणि त्या यादीत 'आवडींची विविधता आणि खोली' आहे, 'बौद्धिक आणि नैतिक सचोटी'सुद्धा आहे. छंदाच्या एका ओळीत या दोन्ही गोष्टी एकदमच तपासून होतात. अमुक छंद भारदस्त आणि तमुक हलका, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मॉक मुलाखती घेताना मी मुलांना एकच चाचणी लावायला सांगते. अर्जातल्या प्रत्येक शब्दावर सलग तीन प्रश्न विचारून बघायचे. पहिला प्रश्न ओळखीचा असतो, त्याचं उत्तर सगळेच देतात. दुसरा 'कसं' किंवा 'कुठे' असा असतो. तिसऱ्याला मात्र ते काम स्वतःच्या हातानं केलेलं असावं लागतं. तुझं 'वाचन' घे. सध्या काय वाचतेस? एखादं नाव येईल. त्यात काय आवडलं? काहीतरी येईल. लेखकाचं कुठलं म्हणणं तुला पटलं नाही? इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण पुस्तक मुलाखतीसाठी महिन्याभरापूर्वी उघडलेलं असतं. ट्रेकिंगचंही तसंच. कॉलेजच्या सहलीत एकदा सिंहगड चढलेली मुलगी ट्रेकर होत नाही, आणि मंडळातला एखादा सदस्य उमेदीत सह्याद्री पायाखाली घातलेला निघाला तर दोन मिनिटांत ते त्याच्या लक्षात येईल. रोज सकाळी करत नसशील तर योगाही काढून टाक.

आता हीच चाचणी पावसाला लावू. समोरच्या खुर्चीत मी बसलेय असं समज.

पाऊस कशानं मोजतेस? तू सांगशील, कृषी सेवा केंद्रात मिळतो तसला प्लास्टिकचा मापक आहे. ठीक. कुठे लावलाय? कडुनिंबाजवळ. इथे मी थांबणार, कारण झाडाच्या आडोशाला पाऊस खरा भरत नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार कधी कमी पडतो, कधी पानांवरचं पाणी ठिबकून जास्त भरतो. झाड, भिंत, जे काही जवळ असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक मोकळ्या जागेत असावा, हा साधा नियम आहे. हे ऐकून घाबरू नकोस, आणि घाईघाईनं मापक हलवून 'पहिल्यापासून मोकळ्यावरच आहे' असं सांगण्याचा विचारही नको. मापक हलवायला हवाच, पण ज्या दिवशी हलवशील त्या तारखेला वहीत तशी नोंद कर. मुलाखतीत 'इतकी वर्षं तो झाडाजवळ होता, त्यामुळे आधीचे आकडे मी अंदाज म्हणूनच वापरते' हे वाक्य सरळ बोलून टाक. आपल्याच नोंदीतला दोष जिला ठाऊक आहे, तिच्या बाकीच्या आकड्यांवर ऐकणारा विश्वास ठेवतो.

पुढचा प्रश्न. चार जूनच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, तो तू कुठल्या तारखेला लिहितेस? नोंदी ठेवणारा माणूस आणि नुसतं सांगणारा माणूस इथे वेगळे पडतात. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्याआधीच्या चोवीस तासांत जेवढा पाऊस पडला तो त्या सकाळच्या तारखेला मांडतात, म्हणजे चारच्या संध्याकाळचा पाऊस पाच तारखेला जातो. तू कदाचित सात वाजता दूध घालून आल्यावर मोजत असशील आणि आदल्या दिवसावर लिहीत असशील. तेही चालतं, घरची वही आहे. फक्त आपण कसं करतो आणि खातं कसं करतं, यातला फरक सांगता आला पाहिजे. 'पावसाळी दिवस' कशाला म्हणतात, हाही याच्याच पोटातला प्रश्न. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो दिवस धरतात. अंगण नुसतं ओलं करून गेलेली सर त्यात येत नाही. हा आकडा हाताशी असेल तर अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी वही घेऊन बस आणि प्रत्येक वर्षीचे पावसाळी दिवस मोज. एकूण पाऊस सारखाच पण दिवस कमी, अशी दोन वर्षं सापडली तर तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते कुठल्याही मासिकातून उचललेलं नाही.

शेतकऱ्याची मुलगी आहेस म्हणून आणखी एक हिशोब पाठ असू दे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरावर तेच साधारण चार हजार लिटर होतं. २० मिलिमीटरचा पाऊस झाला तर तुमच्या एकरभर रानावर ८० हजार लिटर पाणी आलं, पण ढेकळं फुटून ते मुरलं की उतारानं ओढ्याला गेलं, ते मापक सांगत नाही. या वाक्यापाशी पोचलीस की संभाषण मृद्संधारणावर जाईल, आणि कृषी पदवीधराला तिथे जायला आवडायलाच हवं.

मुख्य प्रश्न अजून यायचाय. प्रशासनातला माणूस समोर असेल तर तो हमखास इकडे वळेल. 'समजा तुमच्या महसूल मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ४८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तुझ्या मापकावर ७०. गावातले शेतकरी तुझी वही घेऊन तहसीलदाराकडे आले. तहसीलदार तू आहेस. काय करशील?' आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्यामुळे ४८ आणि ७० या आकड्यांमधे खूप काही अडकलेलं आहे. मोहाचं उत्तर असं की 'माझा आकडा खरा, मंडळाचं केंद्र लांब आहे.' दुसरं तितकंच वाईट उत्तर, 'नियमात बसत नाही, परत पाठवीन.' मला विचारशील तर पहिल्यांदा सांग की हा घरचा मापक आहे, त्याची जागा सदोष होती, आणि त्यावर सरकारी निर्णय बेतता येणार नाही. मग सांग की आपल्याकडचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि दुसऱ्यात धूळ उडत असते, त्यामुळे मंडळाचा आकडा प्रत्येक गावासाठी खरा असेलच असं नाही. तेव्हा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना एकत्र पाठवून प्रत्यक्ष पाहणी करून घ्यायची. मदतीच्या निकषात पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त आहे का हे बघतात, आणि ते शेतातच दिसतं. म्हणजे वहीचा उपयोग कुठे जाऊन बघायचं हे ठरवण्यापुरता, निर्णयासाठी नाही. स्वतःच्या छंदाची मर्यादा स्वतःच सांगितलीस की ते उत्तर घोकलेलं वाटत नाही.

बघ, चार प्रश्न झाले आणि अजून तेल्यावर आलोच नाही. ढगाळ, दमट हवा आणि पावसाची रिपरिप डाळिंबावरच्या तेल्याला पोसते, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. ज्या वर्षी बाग बसली त्या वर्षीचं तुझ्या वहीचं पान काय म्हणतं? तिथे लागोपाठ पावसाळी दिवस दिसत असतील तर ते सांग, पण 'पावसामुळेच बाग गेली' असं ठोकून देऊ नकोस. खोडकिड्याचं कारण वेगळं असतं, आणि एका अंगणातल्या एका वहीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

आता लिहायचं कसं. रकान्यात जागा मोजकी असते, तेव्हा एकच ओळ: 'घरच्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस नोंदवणे, २०१८ पासून, भावासोबत.' 'भावासोबत' हा शब्द गाळू नकोस. तू पुण्यात होतीस हे अर्जातल्या शिक्षणाच्या आणि पत्त्याच्या रकान्यांवरून कुणालाही दिसेल, आणि मग पहिलाच प्रश्न येईल की सांगोल्यातला पाऊस पुण्यातून कसा मोजलास. मधल्या महिन्यांची भोकं अर्जात लिहायची गरज नाही, तिथे तेवढी जागाही नाही. विचारलं की सांग, कुठले महिने आहेत ते तोंडपाठ ठेव. जे करायचं नाही ते असं: याला 'हवामान संशोधन', 'डेटा विश्लेषण' किंवा 'क्लायमेट अ‍ॅक्टिव्हिझम' म्हणायचं नाही. अर्ज इंग्रजीत भरताना तर हा मोह फार होतो. 'पॅशनेट', 'अ‍ॅव्हिड' असली विशेषणं दिसली की काढून टाक. पाऊस मोजते म्हटल्यावर आवड आहे हे कळतंच.

छंद एकच लिहिला तर रकाना रिकामा दिसेल, ही भीती मला नेहमी ऐकू येते. दुसरं काही खरं असेल तर लिही. गौरी-गणपतीला घरची आरास तू करत असशील, आजीकडून गोधडी शिवायला शिकली असशील, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत असशील. नसेल तर एक पुरे. चार छंद लिहिलेस म्हणजे बारा प्रश्नांची तयारी केलीस, एवढं लक्षात ठेव.

बक्षिसाचं सोपं आहे. दुसरा क्रमांक म्हणजे दुसरा क्रमांक. आयोजक संस्था, स्पर्धेची पातळी आणि वर्ष प्रमाणपत्रावर आहे तसंच उतरव. 'जिल्हास्तरीय'चं 'राज्यस्तरीय' करायचा प्रश्नच नाही. अर्जाखाली तू घोषणापत्रावर सही करतेस, आणि खोटी माहिती दिली तर उमेदवारी रद्द करण्याचा अधिकार आयोगाकडे असतो. माझा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे: निबंधाचा विषय काय होता? बक्षीस लिहिणाऱ्या दहांतल्या अर्ध्यांना तो आठवत नसतो. विषय, आपण मांडलेली बाजू आणि आज तीच बाजू घेशील का, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढ. मत बदललं असेल तर चांगलंच, का बदललं ते सांगता येईल.

एनएसएसचं मात्र मैत्रिणीचं ऐकू नकोस. 'लीडर' म्हटलंस तर कुणी नेमलं, हाताखाली किती जण होते, कोणता वाद सोडवलास, असे प्रश्न येतील आणि तुझ्याकडे सांगायला सामानाची यादीच असेल. नेतृत्वाच्या रकान्यात पद नसेल तर तो मोकळा सोड. रिकाम्या रकान्याचे गुण कापले जात नाहीत. इतर उपक्रमांत लिही: 'एनएसएस स्वयंसेवक, सात दिवसांच्या विशेष शिबिरात स्वयंपाकाचं सामान व हिशोब.' मला विचारशील तर हा तुझ्या अर्जातला सगळ्यात कामाचा तुकडा आहे. किती माणसांचा स्वयंपाक होता, रोज तांदूळ किती लागायचा, भाजी कुठून आणायचात, तेलाचा हिशोब चुकला तेव्हा काय केलंत, शिबिर संपल्यावर शिल्लक कुणाला दिली? हे सगळं तू केलेलं आहेस. सात दिवस साठा-नोंदवही सांभाळणाऱ्या मुलीला पोषण आहाराच्या गोदामाची तपासणी कशी करशील असं विचारलं तर तिच्याकडे उत्तर असतं. तो जुना हिशोब कॉलेजात कुठे सापडतो का बघ. नाही सापडला तर आकडे आठवून 'साधारण' म्हणून सांग, नेमके बनवू नकोस.

वडिलांच्या व्यवसायात 'शेतकरी' लिही, विषय संपला. 'फलोत्पादक उद्योजक' वाचून मंडळ पहिला प्रश्न विचारेल की निर्यात किती करता, आणि तुमच्याकडे तर बाग उपटून ऊस लावलेला. त्या उसावर मात्र तयारी कर, कारण सांगोला आणि ऊस हे दोन शब्द शेजारी आले की जाणकार माणूस भुवया उंचावतो. दुष्काळी पट्ट्यात ऊस का लावला? वडिलांशी फोनवर नीट बोल. पाणी कुठलं येतं, टेंभू-म्हैसाळचं की विहिरीचं, किती दिवसांच्या पाळीनं, आणि डाळिंब सोडून ऊसच का धरला, ते त्यांच्याच शब्दांत ऐक. बहुतेक ते सांगतील की डाळिंबाला फवारणीचा खर्च आणि दराचा भरवसा नाही, उसाला एफआरपी ठरलेली आहे आणि कारखाना उचलतो. हे उत्तर धोरणाच्या दृष्टीनं आदर्श नाही, पण तुमच्या घरात निर्णय असाच झाला. ते तसंच सांग, आणि मग तू तिथे कृषी अधिकारी असतीस तर काय सुचवलं असतंस ते वेगळं सांग. घरच्या निर्णयाची वकिली करायची नाही आणि आपल्याच बापाला मंडळासमोर दोषही द्यायचा नाही. हे जमलं नाही तर दोन-तीनदा मोठ्यानं बोलून बघ, ऐकायला भाऊ चालेल.

राहिली दोन वर्षं. नोकरीच्या रकान्यात काही नाही तर काही लिहू नकोस. ओळखीच्या दुकानाचं अनुभवाचं पत्र आणून ती भरण्याचे सल्लेही तुला मिळतील, ते घेऊ नकोस; तिथल्या कामावर तीन प्रश्न आले की पत्र कुचकामी ठरतं. विचारलं तर 'पुण्यात राहून परीक्षेची तयारी केली' एवढंच म्हण आणि थांब. पुढे 'फक्त अभ्यासच?' असं आलं तर खर्च कसा भागला हे सांग. घरून आला असेल तर घरून, म्हणून सांग. अर्ज सादर केला की त्याची प्रत स्वतःजवळ जपून ठेव आणि नंतर त्यात दुरुस्ती करता येईल असं गृहीत धरू नकोस. मुख्य परीक्षेच्या धबडग्यात आपण काय लिहिलं होतं हे विसरायला होतं. भावालाही आजच फोन कर. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो त्यानं पाठवले की न लिहिलेल्या महिन्यांची यादी आधी कर, मग वर्षांच्या बेरजा.